मीटिंग रेकॉर्ड करायला सगळ्यांसमोर विचारलं, तर ती परवानगी झाली का?

शरयू
आमची महिन्याची आढावा मीटिंग ऑनलाइन असते. आम्ही सात जण आणि दुसऱ्या संस्थेतले दोघं. सुरुवातीला विभागप्रमुख विचारतात, "रेकॉर्ड करतोय, कोणाची हरकत नाही ना?" कोणी काही बोलत नाही आणि रेकॉर्डिंग सुरू होतं. मागच्या वेळी मीटिंग संपल्यावर एक सहकारी म्हणाली, तिला ते नको होतं, पण तिथे बोलणं शक्य नव्हतं. पुढच्या महिन्यापासून हे काम माझ्याकडे येतंय. कसं विचारावं? रेकॉर्डिंग आणि टिपणं कुठे, किती दिवस राहणार हे किती खोलात सांगावं? मतं उलटसुलट असली तरी चालतील.

टाचण
माझ्या मते आहे ते पुरेसं आहे. विचारलं, कोणी नाही म्हटलं नाही, वर स्क्रीनवर रेकॉर्डिंगची पट्टी दिसत होती. मोठी माणसं आहेत, नको असेल तर बोलावं. आणि रेकॉर्डिंग हे दुबळ्याचंच संरक्षण असतं हे कोणी लक्षात घेत नाही. टिपणं लिहिणारा माणूस स्वतःच्या सोयीने लिहितो. "असं ठरलंच नव्हतं" म्हणणाऱ्या वरिष्ठासमोर तुमच्याकडे दुसरं काय असतं? साठवणीचं म्हणाल तर टीम्स वापरत असाल तर चिंता नको, 120 दिवसांनी रेकॉर्डिंग आपोआप जातं.

केवडा
टाचण, वरिष्ठांचा मुद्दा एकदम पटला. माझ्या बाबतीत साहेब फोनवर तोंडी सूचना देतात आणि नंतर नाकबूल करतात. मी न सांगता कॉल रेकॉर्ड करते. पुरावा म्हणून चालेल ना? परवानगी मागितली तर ते बोलणारच नाहीत.

गवाक्ष
केवडाताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. शरयू विचारून रेकॉर्ड करण्याबद्दल बोलतायत, तुम्ही न विचारता. बोलणाऱ्यांपैकी एकाला माहीत असलं की पुरे, असा कायदा काही ठिकाणी आहे. काही ठिकाणी सगळ्यांची संमती लागते. त्यामुळे तुमच्याकडचा नियम जाणणाऱ्याला विचारल्याशिवाय यावर विसंबू नका. तोवर एक साधा उपाय आहे. फोन ठेवल्यावर लगेच त्यांना मेल टाका: "आत्ता फोनवर आपलं असं ठरलं, काही चुकत असेल तर कळवा." तारीख-वेळेसकट ही लेखी नोंद राहते, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता मूळ प्रश्न. मी बरीच वर्षं बैठकांच्या नोंदी आणि त्यांची साठवण हेच काम करतो. विभागप्रमुख आठ जणांसमोर "हरकत नाही ना" विचारतात तेव्हा उत्तर आधीच ठरलेलं असतं. नकार द्यायचा तर वरिष्ठांना अडवायचं, मीटिंग थांबवायची आणि "हिला काय लपवायचंय" हा संशय ओढवून घ्यायचा. युरोपात 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या खासगी माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात संमती मोकळेपणाने दिलेली असावी आणि ती कधीही मागे घेता यावी, अशी अट आहे. मालकाने नोकराकडून घेतलेल्या संमतीकडे तिथे संशयानेच पाहिलं जातं, कारण दोघांचं वजन सारखं नसतं. तुमच्याकडे तो कायदा लागू असो वा नसो, कारण तेच आहे.

म्हणून शरयू, आधी विभागप्रमुखांना एकच गोष्ट विचारा: कोणी नाही म्हटलं तर आपण खरंच रेकॉर्डिंग बंद ठेवणार आहोत का? उत्तर "नाही" असेल तर परवानगी मागूच नका. सरळ सूचना द्या की ही मीटिंग अमुक कारणासाठी रेकॉर्ड होते, कोणाला अडचण असेल तर आधी बोला, काय करता येईल ते बघू. जे नाकारता येत नाही ते विचारल्याचं दाखवणं मला सर्वात वाईट वाटतं. उत्तर "हो" असेल तरच विचारा, पण मीटिंगमध्ये नको. दोन-तीन दिवस आधी निमंत्रणातच लिहा आणि नकार फक्त तुम्हाला एकटीला कळवता येईल असं ठेवा. मग सुरुवातीला "कोणाची हरकत आहे का" हा प्रश्न उरतच नाही. "आज रेकॉर्डिंग आहे" किंवा "आज नाही" एवढंच सांगायचं, कारण कोणामुळे ते सांगायचं नाही.

टाचण
म्हणजे नऊ जणांत एकाला नको म्हणून आठ जणांनी रेकॉर्डिंग सोडायचं? जो त्या दिवशी रजेवर आहे त्याने काय करायचं?

गवाक्ष
सोडायचंच असं नाही. एक उदाहरण सांगतो. एका कामाचा बोजवारा उडाला होता, त्याच्या कारणांची चर्चा होती. निमंत्रणावर एकीने खासगीत नकार कळवला. तिला जे बोलायचं होतं ते तिच्या वरिष्ठांच्या निर्णयाबद्दल होतं. आयोजकाने मीटिंगचे दोन भाग केले. पहिली पंचवीस मिनिटं घटनाक्रम आणि आकडे, ते रेकॉर्ड झालं. गैरहजर माणसाला हवं असतं ते बहुतेक तिथेच असतं. मग रेकॉर्डिंग बंद केल्याचं बोलून सांगितलं, पट्टी गेल्याची सगळ्यांनी खात्री केली आणि चर्चा झाली. चर्चेची टिपणं निघाली ती "कारण, निर्णय, कोण करणार, कधीपर्यंत" एवढ्याच स्वरूपात. कोण काय म्हणालं ते नाही. ती बाई त्या दिवशी जे बोलली ते रेकॉर्डिंग चालू असताना बोलली असती असं मला वाटत नाही.

आणि 120 दिवसांबद्दल. टीम्समध्ये नव्या रेकॉर्डिंगला मुळात तेवढी मुदत असते हे बरोबर, पण ती संस्थेचा अॅडमिन बदलू शकतो, आणि एखाद्या फाइलची मुदत तिचा मालक वाढवू शकतो किंवा काढून टाकू शकतो. मुदत संपली तरी फाइल लगेच नष्ट होत नाही, आधी रिसायकल बिनमध्ये जाते. मधल्या काळात कोणी डाउनलोड करून घेतली असेल तर त्या प्रतीला कसली मुदत?

वहिवाट
यात भर घालतो. लोक "रेकॉर्डिंग" म्हणतात तेव्हा डोळ्यांसमोर एक व्हिडिओ असतो. झूमवर स्वतःच्या संगणकावर रेकॉर्ड केलं तर त्या फोल्डरमध्ये व्हिडिओ, नुसता आवाज आणि चॅट अशा वेगवेगळ्या फाइली येतात. ज्याने साठवलं त्याला मीटिंगमध्ये आलेले खासगी मेसेजही त्या चॅटमध्ये असू शकतात. मीटवर फाइल ड्राइव्हमधल्या Meet Recordings फोल्डरमध्ये जाते. बोलण्याची लेखी प्रत चालू केली असेल तर ती आणखी निराळी. व्हिडिओ पुसला की काम झालं असं समजून लोक बाकीचं विसरतात. पूर्ण संभाषण शब्दशः असलेली फाइल वर्षभर पडून राहते, आणि व्हिडिओपेक्षा तीच जास्त शोधली जाते, कारण तिच्यात नाव टाकून शोधता येतं.

शरयू
हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे लेखी प्रत चालू असते आणि मीटिंगचं निमंत्रण ज्यांना गेलं त्या सगळ्यांना ती दिसते, न आलेल्यांनासुद्धा. मग निमंत्रणात नेमकं काय लिहू? दोन पानांचं कोणी वाचणार नाही.

गवाक्ष
दोन पानं नकोतच. मी असं लिहीन:

"या मीटिंगचा आवाज आणि स्क्रीन रेकॉर्ड करायचा विचार आहे. कारण एकच, टिपणं बिनचूक व्हावीत. रेकॉर्डिंग शरयूच्या खात्यात राहील; ती आणि टिपणं लिहिणारा एवढेच ते पाहतील. चॅट आणि लेखी प्रत साठवणार नाही. टिपणं दोन दिवसांत सगळ्यांना येतील, दुरुस्ती सुचवायला पाच दिवस. मीटिंगनंतर चौदाव्या दिवशी शरयू रेकॉर्डिंग पुसेल आणि तसं कळवेल. टिपणं प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये प्रकल्प संपेपर्यंत राहतील. कामगिरीच्या मूल्यमापनासाठी किंवा प्रशिक्षणासाठी यातलं काही वापरणार नाही. तशी गरज पडली तर पुन्हा विचारू. नको असेल तर शरयूला एकटीला सोमवारपर्यंत कळवा, कारण सांगायची गरज नाही."

यातलं शेवटून तिसरं वाक्य गाळू नका. रेकॉर्डिंगची भीती बहुतेकांना साठवणीमुळे वाटत नाही, ते नंतर दुसऱ्याच कामाला वापरलं जाईल म्हणून वाटते. टिपणांसाठी घेतलेली क्लिप सहा महिन्यांनी नव्या लोकांना दाखवली जाते आणि अडखळत उत्तर देणारा माणूस कायमचा तसा दिसत राहतो. पुसणाऱ्याचं नावही हवंच. "रेकॉर्डिंग पुसलं जाईल" असं लिहिलं की ते कोणीच पुसत नाही.

टाचण
लेखी मसुदा चांगला आहे हे मान्य. चौदा दिवस मला अजिबात मान्य नाहीत. वाद दोन महिन्यांनी उभे राहतात. तेव्हा रेकॉर्डिंग गेलेलं असेल आणि टिपणं वरिष्ठांच्या मर्जीची असतील.

गवाक्ष
म्हणूनच दुरुस्तीचे पाच दिवस रेकॉर्डिंग असतानाच ठेवायचे. एखाद्या वाक्यावर दोघांचं जमलं नाही तर तेवढा भाग ऐकायचा आणि टिपण दुरुस्त करायचं. त्यानंतर टिपणं हीच नोंद. चौदा दिवसांत तक्रार किंवा वाद पुढे आला तर मात्र पुसणं तिथेच थांबवायचं, ठरल्याप्रमाणे पुसलं हे कारण तेव्हा चालत नाही. दोन महिन्यांनी येणाऱ्या वादाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, हे खरं. पण प्रत्येक मीटिंग वर्षभर साठवायची, ही त्याची किंमत मला जास्त वाटते.

टाचण
मला नाही वाटत. खालच्या माणसाला टिपणात दुरुस्ती सुचवायची हिंमत होते, हे तुम्ही गृहीत धरताय. जिला मीटिंगमध्ये "नको" म्हणता आलं नाही, ती वरिष्ठांच्या टिपणाला "चूक" म्हणेल?

वहिवाट
इथे टाचण यांचं बरोबर आहे. दुरुस्त्याही शरयूकडेच खासगीत याव्यात आणि कोणी सुचवली ते न लिहिता टिपणात उतराव्यात. तरी प्रश्न पुरता सुटत नाही.

आणखी एक गोष्ट, उशिरा येणारे. बाराव्या मिनिटाला जोडला गेलेला माणूस सुरुवातीचं ऐकत नाही. अॅप त्याला सूचना दाखवतं, पण रेकॉर्डिंग आहे एवढंच. कशासाठी आणि किती दिवस ते नाही. तो आला की चॅटमध्ये एक ओळ टाकावी. बाहेरच्या दोघांबाबत जास्त जपा. तुमचं निमंत्रण त्यांच्या संस्थेत दुसऱ्या कोणाला पुढे गेलं असेल तर तुमचा मजकूर त्या माणसाने वाचलेलाच नसतो.

शरयू
विभागप्रमुखांशी आज बोलले. नकार आला तर चर्चेचा भाग रेकॉर्ड करायचा नाही, हे त्यांनी मान्य केलं. मुदतीवर चौदाऐवजी तीस दिवस म्हणाले, कारण दुरुस्त्या यायला वेळ लागतो. लेखी प्रत बंद करतेय. बाहेरच्या दोघांना वेगळा मेल पाठवला. त्यातल्या एकांनी उलट विचारलं की त्यांच्या बाजूने त्यांनी स्वतःसाठी रेकॉर्ड केलं तर चालेल का. याला काय उत्तर द्यावं?

गवाक्ष
दोन रेकॉर्डिंग म्हणजे तुमच्या मजकुरातलं प्रत्येक वाक्य अर्ध्यावर खोटं. मी नको म्हणेन, आणि त्याऐवजी तुमचं रेकॉर्डिंग तीस दिवस त्यांना पाहू देईन, डाउनलोड बंद ठेवून. तसं केलंत तर "कोण पाहील" हे वाक्य बदलून सगळ्यांना पुन्हा पाठवावं लागेल.

टाचण
मी हो म्हणेन. दोन्ही बाजूंकडे प्रत असली की कोणीच काही गाळू शकत नाही. पण मग त्यांनीही किती दिवस ठेवणार आणि कोण पुसणार हे लिहून द्यावं, एवढं मी गवाक्ष यांच्याकडून घेतो.