प्रतिसाद: एमसीव्ही कमी, पण आरडीडब्ल्यू नॉर्मल

> हिमोग्लोबिन ११.२, एमसीव्ही ६२, आरडीडब्ल्यू १४. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही फरक नाही. असं का?

कदाचित ही लोहाची कमतरता नसून थॅलेसेमिया मायनर हा सौम्य, आनुवंशिक रक्तदोष असेल. याच रिपोर्टमधला आरबीसी काउंट, म्हणजे तांबड्या पेशींची संख्या, बघा. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान (साधारण ८० ते १००), तर आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारांत किती तफावत आहे ते. लोहाच्या कमतरतेत लोह हळूहळू संपत जातं, त्यामुळे जुन्या मोठ्या आणि नव्या लहान पेशी रक्तात एकत्र असतात आणि आरडीडब्ल्यू बऱ्याचदा १७-१८ च्या पुढे जातो. थॅलेसेमिया मायनरमध्ये पेशी तयार होतानाच लहान असतात, सगळ्या जवळपास सारख्याच. म्हणून आरडीडब्ल्यू बऱ्याचदा नॉर्मल किंवा किंचितच वाढलेला दिसतो.

आता एमसीव्हीला आरबीसी काउंटने (दशलक्षांत) भागा. काउंट ५.८ असेल तर ६२ ÷ ५.८ = १०.७. उत्तर १३ च्या खाली आलं की संशय थॅलेसेमिया मायनरचा. लोहाच्या कमतरतेत पेशी मुळात कमी बनतात, त्यामुळे ६८ ÷ ४ = १७ असं काहीतरी येतं.

हा फक्त अंदाज आहे, निदान नव्हे. दोन्ही आजार एकत्र असले की गणित फसतं. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि हिमोग्लोबिनच्या ए२ या प्रकाराचं प्रमाण सांगणारी हिमोग्लोबिन ए२ (एचपीएलसी) तपासणी करून घ्या. ए२ साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर मायनर. मात्र लोह खूप कमी असताना ए२ खोटा नॉर्मल येऊ शकतो, म्हणून फेरिटिन आधी. ते नॉर्मल असेल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या थांबवा. मायनर निघालाच, तर मूल होण्याआधी जोडीदाराचीही ए२ तपासणी हवीच, कारण दोघांनाही मायनर असेल तर मुलाला गंभीर थॅलेसेमिया होऊ शकतो.