घराच्या सुरुवातीच्या रकमेसाठी एफडी की आरडी?

"ठाण्यात वर्षभरात घर बुक करायचे आहे. बचत खात्यात 4 लाख आहेत, दरमहा 10,000 उरतात. आरडीवर व्याज निम्मेच मिळते, हे खरे का?"

व्याजदर निम्मा नसतो, पैसे बँकेत राहण्याचा काळ निम्मा असतो. दर 7 टक्के धरला, तर 1,20,000 रुपयांच्या एफडीवर वर्षाला सुमारे 8,600 रुपये व्याज मिळते आणि 10,000 च्या आरडीवर सुमारे 4,600; कारण आरडीचा पहिला हप्ता बारा महिने व्याज कमावतो, तर शेवटचा जेमतेम एक महिना. म्हणून हातात असलेल्या 4 लाखांची आजच एफडी करावी आणि पगारातून उरणाऱ्या रकमेची आरडी. एकरकमी पैसे आरडीतून थोडे थोडे भरण्यात मात्र निव्वळ नुकसान आहे.

माझा आग्रह एका गोष्टीसाठी आहे: 4 लाखांची एकच पावती न करता एक-एक लाखाच्या चार कराव्यात. घोडबंदर रोडवरचे घर अपेक्षेपेक्षा लवकर पसंत पडले, तर बुकिंगपुरती एकच पावती मोडता येते. मुदतीआधी मोडलेल्या ठेवीला प्रत्यक्ष राहिलेल्या काळाचाच दर लागतो आणि त्यातूनही बहुधा अर्धा ते एक टक्का कापला जातो. ही झळ मग उरलेल्या तीन पावत्यांना बसत नाही. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, त्यामुळे बाकीच्या पावत्यांची मुदत करारनाम्याच्या अपेक्षित तारखेआधी संपेल अशी ठेवावी.