पोस्ट्युलेट : गृहीतक, निकष की अट?

मुग्धा, इंदूर : मुलीच्या हिंदी पुस्तकात ‘कॉख की अभिधारणाएँ’ असं आहे. मराठीत ‘कॉखची गृहीतके’ म्हटलं तर चालेल ना?

केळकरकाका : नको. गृहीतक पुराव्याशिवाय मानून चालतात. इथे तर अमुक जंतूमुळेच अमुक रोग होतो याचा पुरावाच जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी मागितलाय. ‘पोस्ट्युलेट’च्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही ‘मागणे’ असाच. जंतू प्रत्येक रोग्यात सापडू दे, निरोगी माणसात नको. तो बाहेर काढून एकटा वाढवून दाखवा. तो टोचल्यावर प्राण्याला तोच रोग होऊ दे. म्हणून मी ‘निकष’ म्हणेन.

योगेश : विषाणूंचं प्रयोगशाळेत वाढवणं, म्हणजे कल्चर, होतच नाही, मग हे निकष त्यांना लागूच नाहीत.

केळकरकाका : होतं, पण जिवाणूंसारखं अगरच्या जेलीवर नाही, जिवंत पेशींत. पोलिओच घ्या. १९०८ साली व्हिएन्नात लँडस्टायनर आणि पॉपर यांनी दगावलेल्या मुलाच्या मज्जारज्जूचा अर्क टोचला. ससे, गिनिपिग, उंदीर ठणठणीत राहिले, रोग झाला तो माकडांना. प्राणी चुकीचा निवडला असता तर ‘कारण नाही’ असा उलटाच निष्कर्ष निघाला असता.

मज्जासंस्थेबाहेरच्या पेशींत हा विषाणू वाढला तो १९४९ साली. तिथेही ‘एकटा’ ही अट अडते, कारण पेशी स्वतःच पाहुणे घेऊन येतात. ऱ्हीसस माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी दिसायच्या. त्या पेशींवरचा द्रव आफ्रिकी हिरव्या माकडाच्या पेशींवर घातला तेव्हा त्यांच्यात फुग्यांसारख्या पोकळ्या उठल्या. १९६० साली असा एसव्ही-४० नावाचा माकडांचा विषाणू पकडला गेला. आत हा दुसराच पाहुणा होता!

मुग्धा : आणि ‘निरोगी माणसात नको’?

केळकरकाका : ती अट तर सपशेल पडते. पोलिओची लागण झालेल्या साधारण २०० जणांत एखाद्यालाच लुळेपणा येतो. बाकीचे बहुतेक धडधाकट, तरी शौचातून विषाणू टाकतात.

सुनीता, वडोदरा : भाच्याला ताप होता, शौचाच्या तपासणीत एंटेरोव्हायरस, म्हणजे पोलिओच्या गटातला विषाणू, निघाला. म्हणजे ताप त्याचाच ना?

केळकरकाका : तेवढ्यावरून नाही, सुनीताताई. लागण आधीची असली तरी विषाणू कित्येक आठवडे शौचातून येत राहतो. नुसतं सापडणं आणि कारण असणं यांतला फरक अमेरिकी विषाणुतज्ज्ञ थॉमस रिव्हर्सनी १९३७ साली मांडला : विषाणू त्या रोगाशी बऱ्याच सातत्याने जोडलेला हवा आणि तो योगायोगाने तिथे असता कामा नये. म्हणून रक्त दोनदा तपासतात, एकदा आजाराच्या सुरुवातीला, पुन्हा दोन-तीन आठवड्यांनी. रक्तद्रव पातळ करत गेल्यावर त्यातली प्रतिपिंडं आधी १:८ पर्यंत आणि नंतर १:३२ पर्यंत दिसली, म्हणजे चौपट वाढली, तर लागण ताजी. पहिला नमुना उशिरा घेतला तर पातळी आधीच वर असते, वाढ दिसत नाही. भाच्याच्या तापाचं डॉक्टरांनाच विचारा.

योगेश : मग ‘निकष’ तरी कसा? निकषावर सोनं खरं ठरतं किंवा खोटं. इथे अट पुरी झाली तर कारण सिद्ध होतं, पण न झाल्याने कारण खोटं ठरत नाही. ‘अटी’च म्हणावं.

केळकरकाका : हा मुद्दा मला पटतोय. पण ‘अटी’त कराराचा वास येतो. ‘कसोट्या’ कसं वाटतं?

मुग्धा : कसोटीला नापास होणंही आलंच की, काका.