मदत हवी आहे: कुत्रा चावल्यावर लस आणि सीरम एकाच दिवशी का देतात?

पारिजात_२
नमस्कार. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फार्माकॉलॉजीची उजळणी चालू आहे. सक्रिय आणि निष्क्रिय प्रतिकारशक्तीचा तक्ता पाठ आहे, पण केस आली की तो उपयोगी पडत नाही. आमच्या टेस्टमध्ये हा प्रश्न होता:

२० किलो वजनाची मुलगी. भटका कुत्रा हाताला आणि गालाला चावला, रक्त आलं. त्याच दिवशी रेबीजची लस आणि घोड्याचं सीरम दिलं. नवव्या दिवशी ताप, अंगभर खाजणाऱ्या गांधी, गुडघे सुजलेले. (अ) दोन्ही का दिलं? (ब) सीरमचा डोस किती? (क) नवव्या दिवशी काय झालं, लस थांबवायची का?

मी (क) मध्ये 'लसीची ॲलर्जी, पुढचे डोस बंद' असं लिहिलं. शून्य गुण. का ते कुणी सांगितलं नाही. आणि (अ) मला अजूनही पटत नाही. तयार अँटिबॉडी दिल्या तर त्या लसीलाच खाऊन टाकणार नाहीत का?

विदर्भवासी
तुमची शंका बरोबर आहे. अँटिबॉडी दिल्यावर लस वाया जाते, म्हणून तर इम्युनोग्लोब्युलिननंतर तीन महिने थांबतात. शिवाय लस आहेच, मग सीरम लागतं कशाला? आमच्या गावात कित्येकांनी नुसती लस घेतली, सगळे ठणठणीत आहेत.

औंधकर
विदर्भवासी, तीन महिन्यांचा नियम खरा आहे, पण तो गोवराच्या लसीचा. ती लस जिवंत असते. तिचा विषाणू शरीरात वाढला तरच प्रतिकारशक्ती तयार होते, आणि माणसाच्या रक्तातून काढलेल्या इम्युनोग्लोब्युलिनमध्ये गोवराच्या अँटिबॉडी असतातच. त्या विषाणूला वाढूच देत नाहीत. रेबीजची लस मेलेल्या विषाणूची आहे. तिला वाढायचं नसतं, आणि ती चार-पाच वेळा दिली जाते.

पारिजात, तरीही तुमच्या शंकेत तथ्य आहे. म्हणूनच सीरमचा डोस वजनावर बांधलेला असतो. 'जास्त दिलं तर जास्त संरक्षण' असं होत नाही, उलट शरीराची स्वतःची अँटिबॉडी कमी तयार होते. त्यामुळेच सीरम आणि लस एका सिरिंजमध्ये घेत नाहीत आणि एका जागी टोचतही नाहीत. सीरम जखमेत, लस दंडात. लहान बाळाला मांडीत. कुल्ल्यात कधीच नाही.

आता दोन्ही का? लसीमुळे अँटिबॉडी तयार व्हायला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. तोवर विषाणू जखमेतल्या स्नायूत असतो आणि मज्जातंतूत शिरायची वाट बघत असतो. एकदा आत शिरला की कुठलीच अँटिबॉडी कामाची नाही. सीरम हा मधला आठवडा सांभाळतं. चेहऱ्यावरून मेंदूचं अंतर थोडं, म्हणून गालाच्या जखमेला तर टाळाटाळ नकोच. त्या दिवशी सीरम मिळालंच नाही, तर लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं. त्यानंतर नाही, कारण तोवर स्वतःच्या अँटिबॉडी यायला लागलेल्या असतात.

आणि गावातले लोक ठणठणीत असतील, पण चावणारा प्रत्येक कुत्रा पिसाळलेला नसतो. त्यावरून सीरम नको असं ठरवू नका.

माळावरचा_मास्तर
मला लहानपणी कुत्रं चावलं तेव्हा पोटात १४ इंजेक्शनं घेतली होती. रोज आईबरोबर तालुक्याला एसटीनं जायचो. आता पोटात देत नाहीत का? आणि दंडातली लस तेवढीच पक्की असते का?

औंधकर
मास्तर, तुम्ही घेतली ती सेंपल लस. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून फिनॉलनं मारायचा. त्यात मेंदूतलं मायलिनही यायचं. त्याविरुद्ध शरीर पेटून उठलं तर काहींना लकवा, मेंदूज्वर व्हायचा. म्हणजे दुष्परिणाम विषाणूचा नव्हता, लस ज्यात वाढवली त्या मेंदूचा होता. आताची लस पेशींवर वाढवतात, कोंबडीच्या भ्रूणाच्या किंवा व्हेरो पेशींवर. ती दंडातली पाच इंजेक्शनं त्या चौदांपेक्षा सरस आहेत. पारिजात, लसीच्या प्रकारांचा प्रश्न आला तर हे उदाहरण घ्या.

सिस्टर_आशा
डोसचं मी सांगते, रोज काढते. घोड्याचं सीरम किलोला ४० युनिट. २० किलोला ८००. आमच्याकडची बाटली ५ मिलीत १५०० युनिटची, म्हणजे मिलीला ३००. ८०० भागिले ३००, साधारण २.७ मिली. पण बाटली वाचल्याशिवाय मिली सांगू नका, मिलीला २०० युनिटचीही येते, मग तेच ४ मिली होतं. माणसाचं असेल तर किलोला २०, म्हणजे ४०० युनिट. घोड्याचं शरीरातून लवकर जातं म्हणून दुप्पट.

पण बाळा, सुईच्या आधी नळ. साबण लावून वाहत्या पाण्याखाली घड्याळ लावून १५ मिनिटं. आई-बाप घाईत असतात, पोर रडत असतं, तरी मी धुवून घेते. मग सीरम जखमेच्या कडांतून आत थोडं थोडं सोडायचं, जखम फुगून पांढरट दिसेपर्यंत. बोटाची जखम असेल तर फारच बेतानं, तिथे जागा नसते. जखमा जास्त आणि सीरम कमी असेल तर सलाईननं पातळ करून पुरवायचं, डोस वाढवायचा नाही.

पारिजात_२
आशाताई, औंधकर सर, खूप खूप आभार. (अ) आणि (ब) समजलं. (क) राहिलं.

औंधकर
(क) मध्ये दिवस मोजा. लसीचा त्रास बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसांत येतो: दंड दुखणं, लाली, कणकण. जीवघेणी ॲलर्जी मिनिटांत येते. नवव्या दिवशी गांधी, ताप आणि सांधे एकत्र आले तर आधी सीरम सिकनेस समजायचं. घोड्याच्या प्रथिनाविरुद्ध मुलीनं अँटिबॉडी बनवल्या, दोन्हींचे गठ्ठे सांध्यांत आणि रक्तवाहिन्यांत अडकले. तिसऱ्या प्रकारची ॲलर्जी. अँटिहिस्टामिन, पॅरासिटामॉल, जास्त असेल तर थोडे दिवस स्टिरॉइड. लस मुळीच थांबवायची नाही. स्नायूतला कोर्स असेल तर १४ आणि २८ व्या दिवशीचे डोस राहिलेत, ते वेळेवर. तुमचे गुण तिथे गेले, कारण त्या उत्तराप्रमाणे वागलं तर मुलगी अर्ध्या लसीवर राहते.

विदर्भवासी
मग हे टाळायला आधी कातडीवर टेस्ट करतात ना? ती निगेटिव्ह असेल तर काळजी नाही.

औंधकर
सीरम सिकनेस त्या टेस्टमध्ये कळतच नाही. तात्काळ ॲलर्जीचाही भरवशाचा अंदाज येत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटना आता ती टेस्ट करा असं म्हणत नाही.

सिस्टर_आशा
आमच्याकडे अजून करतात सर. साहेबांचं म्हणणं, लिहिलेलं आहे तर करा. मी विचारलं होतं, एकमत झालं नाही.

पारिजात_२
मग परीक्षेत काय लिहू? आमच्या नोट्समध्ये 'टेस्ट आवश्यक' आहे. उरलेलं सीरम लांबच्या स्नायूत द्या असंही आहे.

औंधकर
उरलेल्याचं २०१८ नंतर बदललं, आता भर जखमेवरच आहे. टेस्टचं तुमच्या विभागात विचारा. मी परीक्षक असतो तर 'सक्ती नाही' याला गुण दिले असते, दुसरे देतील असं सांगू शकत नाही.

सिस्टर_आशा
टेस्ट करा नाहीतर नका करू, ॲड्रेनलिनची सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवा. आणि सीरम दिल्यावर पेशंटला लगेच घरी सोडू नका, बाकावर बसवा.