आईची जीभ लालभडक, गुळगुळीत झालीये. बी१२ म्हणायचं की फंगस? आणि मुंबईत दाखवायचं कोणाला?

मुग्धा_परळ:
नमस्कार मंडळी, आई ६४ वर्षांची आहे, पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. गेले दोनेक महिने म्हणतेय तोंड आलंय, पण तोंडात फोड एकही दिसत नाही. आमटीला फोडणी दिलेली मिरची लागली तरी पाणी पिऊन पिऊन हैराण, लोणचं तर बंदच केलंय. काल खिडकीशी बसवून नीट बघितली जीभ तर टोक आणि दोन्ही कडा एकदम लाल, चकचकीत, नेहमीची खरखर असते ना ती गायबच, मधोमध मात्र थोडी खरखर शिल्लक आहे. शिवाय मधून एक लांब भेग आहे आणि तोंडाचे दोन्ही कोपरे फाटलेत. डायबेटीस १२ वर्षं, मेटफॉर्मिन चालू, सकाळी उठल्या उठल्या ॲसिडिटीची पँटोप्राझोल, तीही कितीतरी वर्षं. वरची कवळी आहे. फॅमिली डॉक्टर म्हणाले उष्णता आहे, बी-कॉम्प्लेक्स घ्या. मला पटलं नाही म्हणून विचारतेय, जायचं कुठे, डेंटिस्टकडे, स्किनवाल्याकडे की फिजिशियनकडे?

विन्या_लोअरपरेल:
तांब्याचा टंग क्लीनर घ्या, दादरला स्टेशनबाहेर कुठल्याही भांडीवाल्याकडे मिळतो. रोज सकाळी तीनदा घासायचं, वर तिळाच्या तेलाची गुळणी. माझा पांढरा थर साफ गेला.

मुग्धा_परळ:
अहो दादा, थर नाहीचे तिच्या जिभेवर, तोच तर प्रॉब्लेम आहे, सगळं सोलल्यासारखं दिसतंय. त्यावर तांबं घासलं तर ओरडेल ती.

शुभदाकाकू:
मुग्धा, ही बी१२ची कमतरताच आहे बाळा, डोळे झाकून सांगते. आमच्याकडे सगळे शाकाहारी, सगळ्यांचं कमीच येतं. जिभेला भेग पडली की समजायचं बी१२ गेलं. बी-कॉम्प्लेक्स चालू कर, रात्री गुलकंद आणि सब्जा दे, महिन्यात फरक पडेल. टेस्टवर हजारो रुपये घालवू नकोस, लॅबवाल्यांचे धंदे आहेत ते.

स्नेहल_डोंबिवली:
मला वाटतं हे जिओग्राफिक टंग असणार. माझ्या मुलाला आहे, जिभेवर लाल गुळगुळीत बेटं आणि कडेला पांढरी रेघ, अगदी नकाशा. मीही घाबरून तीन डॉक्टर केले, सगळे म्हणाले काही करायचं नाही. तिखट लागलं तर चरचरतं त्याला, बाकी मस्त खेळतो.

दातवाला:
ओरल मेडिसिनमध्ये आहे, रोज जिभाच बघतो, म्हणून जरा लांबण लावतो. न बघता निदान करत नाहीये हे आधीच सांगतो.

जिभेचा गुळगुळीत भाग दिसला की मी पहिलं विचारतो, तो कुठे आहे आणि जागा बदलतो का. स्नेहलताई, तुमच्या मुलाचं वर्णन बरोबर आहे, पण ती बेटं फिरतात, आज उजवीकडे, आठवड्याने दुसरीकडेच, आणि पांढरी किनार असते. मुग्धाताई, दोन-तीन दिवसांच्या अंतराने त्याच खिडकीशी, त्याच वेळी, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलवर फोटो काढा. जागा बदलली तर जिओग्राफिक, नाही बदलली तर पुढे विचार करायचा. जिभेच्या बरोब्बर मध्यरेषेवर, मागच्या बाजूला, शंकरपाळ्याच्या आकाराचा एकच लाल गुळगुळीत चट्टा असेल तर तिथे बहुधा कॅन्डिडा असतो, म्हणजे फंगस, आणि हा जास्त करून कवळीवाले, डायबेटीसवाले, दम्याचा पंप ओढून चूळ न भरणारे यांच्यात दिसतो. तुमच्या आईचं टोक आणि कडांपासून सुरू होऊन आत सरकतंय, मधे अजून खरखर शिल्लक आहे, हा नमुना मी बी१२ किंवा लोह कमी असलेल्यांत जास्त बघतो. जिभेवरचे ते बारीक दाणे सतत नवीन येत असतात, त्यामुळे शरीरात माल कमी पडला की तिथे लवकर दिसतं.

काकू, निम्मं तुमचं बरोबर आहे, बी१२ कमी असू शकतंच. पण भेगेवरून ते ठरत नाही. मधली लांब भेग कित्येकांना जन्मापासून असते, वयाप्रमाणे खोल होत जाते, तिथे अन्न अडकून वास येतो इतकंच. आईला विचारा, ही भेग किती जुनी, पुष्कळदा उत्तर येतं "ती तर लग्नाआधीपासून आहे". तोंडाच्या कोपऱ्यातली भेग मात्र वेगळी, ती लोह, बी-जीवनसत्त्वं, कॅन्डिडा किंवा झिजलेली कवळी, कशानेही होते. कवळी जुनी झाली की तोंड जास्त मिटतं, कोपऱ्यात लाळ साचते आणि कातडी भिजून फाटते.

आणि टेस्ट आधी करा काकू, प्लीज. बी-कॉम्प्लेक्स घेऊन मग रक्त दिलं तर बी१२चा आकडा वर दिसतो आणि डॉक्टर म्हणतात काही नाही. त्याहून वाईट म्हणजे बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं, आणि नसा आतून खराब होत राहतात.

मुग्धाताई, आईला पायाला मुंग्या येतात का? आणि सकाळी बेसिनशी डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो का? हे नक्की विचारा.

मुग्धा_परळ:
बापरे. मुंग्या येतात, पण आम्ही डायबेटीसच्या समजत होतो. आणि तोंड धुताना ती एका हाताने बेसिन घट्ट पकडते, मी तर वयामुळे समजत होते. बी-कॉम्प्लेक्स फक्त दोन गोळ्या घेतल्यात, बंद करू?

दातवाला:
बंद करा आणि आधी रक्त द्या. सीबीसी, बी१२, लोहाच्या साठ्यासाठी फेरिटिन, साखरेसाठी एचबीए१सी. दोन गोळ्यांनी फार बिघडणार नाही, पण रक्त घेणाऱ्याला आणि डॉक्टरांना सांगा. मेटफॉर्मिन आतड्यात बी१२ शोषायला आडवं येतं, आणि ॲसिड कमी झालं की अन्नातल्या प्रोटीनपासून बी१२ सुटंच होत नाही. त्यात बी१२ देणारं दूध-दही सोडून दुसरं काही खाण्यात नाही. लिव्हरचा साठा काही वर्षं पुरतो म्हणून इतकी वर्षं काही कळलं नाही. मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, ते फिजिशियनला ठरवू दे.

कवळी काढून टाळू बघितलात का? आणि रात्री ती कवळी घालून झोपते का?

मुग्धा_परळ:
हो, घालूनच झोपते, म्हणते काढली तर तोंड बोळकं दिसतं. कवळीखाली टाळू लाल आहे, अगदी कवळीच्या आकारात. रिपोर्ट आला आज. हिमोग्लोबिन १०.४, एमसीव्ही ९१, आरडीडब्ल्यू १९, बी१२ १५८, फेरिटिन ८, एचबीए१सी ८.३. फॅमिली डॉक्टर म्हणाले एमसीव्ही नॉर्मल आहे त्यामुळे बी१२मुळे नाही.

दातवाला:
एमसीव्ही ही लाल पेशींच्या आकाराची सरासरी आहे. बी१२ कमी असलं की लाल पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान. दोन्ही एकदम कमी असलं की सहा फुटी आणि चार फुटी माणूस शेजारी उभे करून सरासरी पाच फूट काढावी तसं होतं. आरडीडब्ल्यू १९ हे तेच सांगतंय, पेशी लहानमोठ्या मिसळलेल्या आहेत. बी१२ २००च्या खाली आणि मुंग्या, म्हणजे माझ्या मते वाट बघण्यात अर्थ नाही, फिजिशियनकडे याच आठवड्यात जा, ते बहुधा इंजेक्शन देतील, सुरुवातीला दिवसाआड आणि मग अंतर वाढवत. पाय आणि तोल त्यांना आवर्जून सांगा, नुसती जीभ दाखवून येऊ नका. आणि ६४ वर्षांच्या बाईचं लोह कमी का झालं, हेही त्यांना विचारा. पाळी केव्हाच बंद झालेली असते, मग रक्त जातंय कुठे? पोटातून हळूहळू जात असेल तर ते शोधावं लागतं.

टाळू बघता फंगसही आहे असं वाटतंय, साखर ८.३ला त्याला पोषकच. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन्ही, असं असू शकतं. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची, ब्रशने घासायची. औषध डॉक्टर तोंड बघून देतील. तोंडासाठी मुंबई सेंट्रलच्या नायर डेंटल किंवा सीएसएमटीच्या गव्हर्न्मेंट डेंटल कॉलेजची ओपीडी आहे, ओरल मेडिसिन विभाग विचारा. सकाळी लवकर जा, रांग असते.

शुभदाकाकू:
मग बी१२च निघालं ना शेवटी! मी म्हटलं होतं.

दातवाला:
निघालं काकू, आणि सोबत लोह, फंगस आणि साखरही निघाली, ती गुलकंदाने वाढली असती.

मंग्या_७७:
डॉक्टर, मधेच घुसतो, सॉरी. माझ्या जिभेच्या डाव्या कडेला पांढरा चट्टा आहे, दुखत नाही, तंबाखू आहे थोडी. हे पण बी१२ का? इंजेक्शन मारून घेऊ का?

दातवाला:
ओल्या गॉजने हलकेच पुसून बघा. कॅन्डिडाचा पांढरा थर बऱ्याचदा पुसला जातो आणि खाली लाल दिसतं. नाहीच निघाला, आणि दोन आठवड्यांत गेला नाही, तर तंबाखू खाणाऱ्याच्या जिभेच्या कडेवरचा चट्टा इथे विचारायची गोष्ट नाही, बायोप्सी लागू शकते. दुखत नाही यात समाधान मानू नका, असे चट्टे सुरुवातीला दुखत नसतात.

मंग्या_७७:
दिवाळीपासून आहे.

दातवाला:
मग दोन आठवडे कसले मोजताय, सोमवारी जा.

मुग्धा_परळ:
अपडेट, बऱ्याच दिवसांनी. फिजिशियनने इंजेक्शनं सुरू केली, लोहाच्या गोळ्या, मेटफॉर्मिनचा डोस बदलला, आणि डेंटल ओपीडीत तोंडात लावायचं अँटीफंगल दिलं. जळजळ बरीच कमी, कडांना खरखर परत येतेय असं वाटतं, परवा चक्क कैरीचं लोणचं मागितलं. नक्की कशाने गुण आला देव जाणे, सगळं एकदम सुरू केल्यावर कसं कळणार. पायाच्या मुंग्या आहेत तशाच. डॉक्टर म्हणाले त्याला महिने लागतील आणि पूर्ण जातील असं सांगता येत नाही, शिवाय डायबेटीसच्या किती आणि बी१२च्या किती हे वेगळं करता येत नाही. एंडोस्कोपी सांगितलीये, आई नाही म्हणतेय. कोणाच्या घरच्यांनी वयस्कर माणसाची केलीये का, भूल देऊन की न देता? तिला काय सांगून राजी करू?

स्नेहल_डोंबिवली:
माझ्या सासऱ्यांची केली होती, हलकी भूल देऊन, दुपारी घरी चहा पीत बसले होते. व्यनि करते, फोनवर बोलू दे त्यांना तुझ्या आईशी.