'स' टोचतो, कापला की बोबडा होतो : डी-एसरचे अनुभव सांगा

कातळ (धागाकर्ती)
देवगडच्या किनाऱ्यावरच्या एका माहितीपटाला आवाज देतेय. "समुद्रालगतच्या सुरूच्या बनात सकाळी सातला शिरलो" या वाक्यात हेडफोनवर प्रत्येक स सुईसारखा घुसतो. डी-एसर लावला तर "थकाळी थातला" ऐकू येतं. तुम्ही यातून कसे सुटलात?

होडीवाला
मी डी-एसरच्या वाटेलाच जात नाही. इक्वलायझरमध्ये सात किलोहर्ट्झजवळ खड्डा पाडतो, स मऊ होतो.

खाडीकाठ
होतो खरा, पण तो खड्डा स नसतानाही तसाच राहतो. आवाजावर गोधडी टाकल्यासारखं वाटतं. डी-एसर त्या पट्ट्यात आवाज उसळला की तेवढ्यापुरताच दाबतो. कातळ, पट्टा कुठे आहे आणि मीटर किती दाखवतो?

कातळ
४ किलोहर्ट्झ. स आला की १२ डेसिबल.

खाडीकाठ
मग बोबडा होणारच. माझीही हीच चूक झाली होती. चारच्या आसपास श असतो, स त्याच्या बराच वर, बहुतेकांचा ६ ते ९ च्या दरम्यान. डी-एसर स्वतः जे ऐकतो ते ऐकवणारं बटण असतं, ते दाब. नुसती फुसफुस यायला हवी. शब्द कळायला लागले तर पट्टा खाली आहे, वर सरकव. मग थ्रेशोल्ड हळूहळू उतरव, स वर ४-५ डेसिबल दाबले जावेत आणि 'आ', 'ओ' वर मीटर हलू नये. नुसता वरचा पट्टा दाबायची सोय असेल तर तीच निवड.

माडाखाली
माझ्या रेकॉर्डिंगात पण सारखा स्स् येता. डी-एसर कितीही वाढवलंय तरी जाणा नाय. घर दर्याक लागून असा.

खाडीकाठ
ती गाज आहे हो! सतत चालणारा आवाज डी-एसरच्या हातचा नाही. मागच्या खोलीत जाऊन, खिडकी लावून वाचा.

कातळ
७.२ वर नेलं, ५ डेसिबल. "सकाळी" परत आली! "सातला"चा एकच स हट्टी निघाला, तो तेवढाच निवडून हाताने ३ डेसिबल खाली घेतला. पुढच्या भागाला माइक तोंडासमोरून जरा गालाकडे वळवला, तर डी-एसरला निम्मंच काम उरलं. हे आधी का सुचलं नाही कोण जाणे. कंप्रेसर मात्र डी-एसरच्या आधी की नंतर?

होडीवाला
नंतर. नाहीतर कंप्रेसर स वरच दचकतो.

खाडीकाठ
मी आधी लावतो. कंप्रेसर स आणखी वर आणतो, मग त्याला शेवटी धरलेलं बरं.

कातळ
दोन्ही करून पाहिलं, माझ्या आवाजावर फरक कळेना. 'पाच'मधला च मात्र अजून टोचतोय. पट्टा खाली आणला की श मरतो. च साठी कोणी काय केलंय?