प्रवचनाचे तुकडे काढायची परवानगी मागताना: तुमचे अनुभव

उंबरठा

आज सकाळी घरच्या ग्रुपवर एका प्रवचनाचा चाळीसेक सेकंदांचा तुकडा आला. मागे बासरी, आणि बोलणाऱ्याचं नाव कुठेच नाही. आवाज अनोळखी होता. पण तो जिथे तोडला होता ते ऐकून मला आमचे शास्त्रीबुवा आठवले आणि राहवेना.

चार वर्षं झाली असतील. बुवांच्या गीतेच्या पाचव्या अध्यायावरच्या प्रवचनांचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे होतं, प्रत्येक सव्वा तासाचं. त्यातले दोन-तीन मिनिटांचे भाग वेगळे काढून लोकांना ऐकवावेत असं फार वाटत होतं. मी निरोप पाठवला, "तुमच्या प्रवचनांचे छोटे व्हिडिओ केले तर चालतील का?" आठ दिवस काही नाही. शेवटी त्यांच्या सूनबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बाबा म्हणतात, हो म्हणायचं तर नेमकं कशाला म्हणू?"

मग दोन रात्री बसून दुसरा निरोप लिहिला. अजून जपून ठेवलाय, तसाच देते:

"वे. शा. सं. शास्त्रीबुवांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

पाचव्या अध्यायावरच्या आपल्या प्रवचनांतले सहा भाग वेगळे काढून ऐकवण्याची परवानगी मागते आहे. ज्यांनी ध्वनिमुद्रण केलं त्यांना विचारलं, त्यांची हरकत नाही. आपला होकार असेल तरच पुढे जाईन.

सोबतच्या कागदावर प्रत्येक भागाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य व वेळ लिहिली आहे. उदाहरणार्थ, तिसरं प्रवचन, ४१ मिनिटं १० सेकंद ते ४३ मिनिटं ५५ सेकंद. पंख्याची घरघर कमी करीन आणि आवाज सगळीकडे सारखा करीन. आपली वाक्यं खाली अक्षरांत दाखवीन. मधलं एकही वाक्य गाळणार नाही, दोन ठिकाणची वाक्यं जोडणार नाही, मागे संगीत घालणार नाही.

आपलं नाव, कितवं प्रवचन, तारीख आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्यांचं नाव चित्रावरच राहील, कारण खाली लिहिलेला मजकूर पुढे पाठवताना गळून पडतो. पूर्ण प्रवचनाचा दुवाही देईन. यातून पैसे घेणार नाही.

प्रत्येक भाग आधी आपल्याला ऐकवीन. पुढे कधीही नको वाटलं तर सांगावं, माझ्याकडून काढून टाकीन. मात्र तोवर लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या प्रती मला परत आणता येणार नाहीत, हे आधीच सांगते."

दुसऱ्याच दिवशी त्यांचा सहा मिनिटांचा आवाजी निरोप आला. चार भागांना होकार, एक लांबवायला सांगितला, आणि एकाला साफ नकार. नकार नेमका त्या ४१:१० ला, जो मला सगळ्यांत आवडला होता! त्यात बुवा तळमळीने सांगतात की ज्ञान झाल्यावर कर्म उरतंच कशाला, सगळं टाकून द्यावं. ते म्हणाले, "अगं, ते माझं म्हणणं नव्हे. तो पूर्वपक्ष आहे. समोरच्याची बाजू मी त्याच्यापेक्षा जोरात मांडतो, नाहीतर उत्तराला काय अर्थ? उत्तर ४७ व्या मिनिटाला आहे. तू मला माझ्याच विरुद्ध उभं केलंस."

मी प्रवचन काढून परत ऐकलं. ३९ व्या मिनिटाला ते हळूच "आता कोणी म्हणेल" म्हणून जातात, आणि त्यानंतर थेट ४७ ला "तर तसं नाही". मधली आठ मिनिटं सगळी दुसऱ्याच्या तोंडची. माझा तुकडा बरोब्बर मधला होता. एक शब्द न बदलता मी उलटा अर्थ लोकांपुढे ठेवणार होते. वेळा लिहून पाठवल्या नसत्या तर त्यांना कळलंही नसतं.

तुम्ही कुणी अशी परवानगी मागितली असेल, किंवा तुमच्याकडे कुणी मागितली असेल, तर लिहा.

निळीशाई

छान लिहिलंय. पण जाहीर प्रवचन असेल तर परवानगी लागत नाही ना? नाव दिलं की झालं.

माळरान

अंगावर काटा आला. माझे वडील प्रवचनं करायचे. त्यांचाही असाच एक तुकडा फिरला होता, "देव मूर्तीत नाही" एवढाच. पुढचं वाक्य होतं, "असं म्हणणाऱ्याला विचारा, मग कुठे नाही ते सांग." ते कापलं होतं. दोन आठवडे फोन येत होते. बाबा प्रत्येकाला पूर्ण उतारा म्हणून दाखवायचे, सत्तरी उलटलेला माणूस, घसा बसेपर्यंत. ज्याने कापलं त्याला आजही माहीत नसेल.

उंबरठा

@माळरान, वाचून फार वाईट वाटलं. बाबांना नमस्कार.

माळरान

ते गेले तीन वर्षांपूर्वी. पण त्यांना आवडला असता तुमचा निरोप.

दप्तरबंद

@निळीशाई, अर्धं बरोबर आहे तुमचं. नाव द्यायलाच हवं, पण तेवढ्याने भागत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ मध्ये स्पष्ट आहे की जाहीर भाषणाचा पहिला हक्क भाषण देणाऱ्याचा. ऐकायला सगळे आले म्हणून ते सगळ्यांचं होत नाही. शिवाय कलम ५७: नाव लावून घ्यायचा हक्क, आणि आपल्या कृतीची मोडतोड होऊन मानाला धक्का लागत असेल तर ती थांबवायचा हक्क. हे दोन्ही, कॉपीराइट विकला तरी वक्त्याकडेच राहतात. माळरान यांच्या वडिलांचं प्रकरण तिथेच बसतं असं मला वाटतं.

आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो साधारणपणे ते करणाऱ्याचा. म्हणजे विचारायचं दोघांना. उंबरठा यांनी ते केलंय, बहुतेक जण एकालाच विचारून मोकळे होतात.

निळीशाई

अच्छा, हे माहीत नव्हतं. मग टीका करण्यासाठी दहा सेकंद वापरले तर?

दप्तरबंद

टीका-समीक्षेसाठी सवलत आहे, कलम ५२. पण नुसता तुकडा कापून तसाच टाकला तर त्याला टीका म्हणता येईल का, यावर वाद होऊ शकतो. मी ठाम सांगणार नाही.

आजोळ

माझ्याकडे आजोबांच्या गुरुजींच्या साठ कॅसेट आहेत. काहींना पांढरी बुरशी धरलीये. त्या कशा साफ करायच्या कुणी सांगेल का? फिरवून पाहू का एकदा?

कानसेन

@आजोळ, अजिबात फिरवू नका! बुरशी पूर्ण फितीवर आणि यंत्राच्या हेडवर पसरेल, मग पुढची चांगली कॅसेटही जाईल. त्या वेगळ्या पिशवीत, कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराकडे द्या. चांगल्या आहेत त्या आधी उतरवून घ्या.

धाग्याच्या विषयाचं म्हणाल तर कॅसेटमध्ये आणखी एक अडचण आहे. ९० मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला ४५. बाजू पालटेपर्यंत वक्ता बोलतच असतो, त्यामुळे मधली दोन-चार वाक्यं गेलेलीच असतात. संगणकावर दोन्ही बाजू जोडल्या की सांधा ऐकूही येत नाही. तुकडा त्या सांध्यावरून जात असेल तर परवानगी मागतानाच सांगा, "इथे मूळ मुद्रणातच काही वाक्यं नाहीत." नाहीतर ती तुम्हीच कापली असं वाटेल.

आता माझा अनुभव. एका वृद्ध पंडितांची प्रवचनं स्वच्छ करत होतो. निरोपात "फक्त आवाज स्वच्छ करीन" एवढंच लिहिलं होतं. Audacity मध्ये `Truncate Silence` लावलं, दोन तासांतली सतरा मिनिटं वाचली, मी खूश. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "हा कोण बोलतोय?" ते शार्दूलविक्रीडित म्हणताना बाराव्या अक्षराशी थांबतात, यती असते तिथे. चांगलं दीड-दोन सेकंद थांबायचे ते. माझ्या यंत्राने अर्ध्या सेकंदापुढची प्रत्येक शांतता खाऊन टाकली होती, त्यामुळे वृत्तच मोडलं. शिवाय प्रश्न विचारून ते श्रोत्यांकडे बघत थांबायचे, तेही गेलं. सगळं परत पहिल्यापासून केलं. तेव्हापासून निरोपात वेगळं वाक्य असतं: "आपल्या थांबण्याला हात लावणार नाही."

उंबरठा

हे किती महत्त्वाचं! माझ्या निरोपात ते नव्हतं. नशिबाने मी ते लावलं नाही.

रातराणी

पूर्वपक्ष ओळखायचा कसा पण? आमच्यासारख्यांना कळणार नाही. (घाईत लिहितेय, पोरगं उठलंय)

जुनीवही

@रातराणी, मी काही वर्षं पाठशाळेत बसलो आहे, जमेल तसं सांगतो. जुन्या भाष्यांत शंका "ननु" ने सुरू होते आणि "इति चेत्, न" ने मोडते. मराठीत बोलताना त्याचं "कोणी म्हणेल", "अशी शंका येते", "असं जर म्हणाल" होतं, आणि शेवटी "तर तसं नाही" किंवा "याचं उत्तर असं". पहिला शब्द निसटता येतो, उंबरठा यांनी लिहिलंय तसाच, म्हणून कापणाऱ्याच्या कानातून सुटतो. मी तुकड्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा मिनिटं ऐकल्याशिवाय वेळ ठरवत नाही. तरी कधी कधी शंकेच्या पोटात दुसरी शंका असते, मग दहाही पुरत नाहीत. अशा वेळी वक्त्यालाच विचारावं.

खाली अक्षरं दाखवता ना, तीही एकदा वाचून घ्या त्यांच्याकडून. आमच्याकडे "अभेद" चं "भेद" छापलं गेलं होतं. एक अ गेला आणि सगळं म्हणणंच उलटलं.

रातराणी

वा, धन्यवाद! आता ऐकताना लक्ष ठेवीन.

निळीशाई

वक्ते हयात नसतील तर कुणाला विचारायचं? मुलांना की शिष्यांना? आमच्याकडे दोघांचं पटत नाही.

दप्तरबंद

कायद्याने वारसांना, किंवा मृत्युपत्रात काही लिहिलं असेल तर त्याप्रमाणे. पण अर्थ बरोबर आला की नाही हे मुलांना कळेलच असं नाही, ते शिष्यच सांगतील. मी असतो तर दोघांना एकच मजकूर पाठवला असता.

माळरान

आमच्या बाबतीत वारस मीच, आणि मला त्यातलं फार कळत नाही. कुणी विचारलं तर बाबांच्या एका विद्यार्थ्याकडे पाठवते. तो नाही म्हणाला तर मीही नाही म्हणते. एकदा वाईटपणा आला त्यावरून, पण इलाज नाही.

आजोळ

@कानसेन, बुरशीवाल्या एकवीस निघाल्या, बाजूला ठेवल्या. उरलेल्यांपैकी एकीवर आजोबांच्या अक्षरात "बाजू २ अपुरी" लिहिलंय. तुम्ही सांगितलेलं तेच असावं.

कानसेन

तेच. ती चिठ्ठी काढू नका, फोटो काढून फाइलसोबत ठेवा.

उंबरठा

@रातराणी, तो लांबवलेला भाग तुला पाठवते. आठ मिनिटांचा झाला, फार कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही, पण बुवांनी सांगितलं तिथेच संपतो.